नाकावरचा मास्क आणि पायातल्या मुंग्या

आठ वर्षांची मुलगी होती. खालच्या उजव्या दुधाच्या दाढेत खोल कीड होती आणि आधी एकीकडे दोघांनी धरून इंजेक्शन दिल्यामुळे ती खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. तिच्यासाठी नायट्रस ऑक्साइड वापरायचं ठरवलं, तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे ती झोपेल ना, डॉक्टर?"

नाही, झोपणार नाही. हा वायू शंभर टक्के दिला तरी नेहमीच्या हवेच्या दाबाला शस्त्रक्रियेपुरती बेशुद्धी येत नाही, आणि तसा तो देताही येत नाही, कारण मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. म्हणूनच दवाखान्यातलं यंत्र ठरावीक मर्यादेखाली, साधारण तीस टक्क्यांखाली, ऑक्सिजन जाऊच देत नाही. ऑक्सिजन संपला तर नायट्रसही आपोआप बंद होतो. रुग्ण जागा राहतो, बोलतो, ऐकतो, फक्त त्याची धास्ती ओसरते. मेंदूतली शांत करणारी यंत्रणा या वायूने बळावते आणि शरीराची स्वतःची वेदनाशामकं सुटतात. तरी दाढ बधिर करायला इंजेक्शन लागतंच. वायूमुळे ते इंजेक्शन घेणं सोपं होतं.

मी सगळ्यात आधी तिला तोंड मिटून एक मिनिट नाकाने श्वास घ्यायला सांगितलं. सगळा वायू नाकावरच्या छोट्या मास्कमधून जातो. सर्दीने नाक चोंदलं असेल किंवा मूल रडत तोंडाने श्वास घेत असेल, तर वायू पोचतच नाही. सर्दी असेल तर मी तारीख पुढे ढकलते. अगदी लहान किंवा मास्क लावूच न देणाऱ्या मुलांसाठीही हा उपाय नाही.

मिनिटाला पाच लिटरचा प्रवाह ठेवला आणि पहिली दोन मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला. मग अर्धा लिटर नायट्रस, साडेचार लिटर ऑक्सिजन, म्हणजे दहा टक्के. मिनिटभर थांबून वीस, पुन्हा थांबून तीस. तीस टक्क्यांवर ती म्हणाली, "पायात मुंग्या येतायत." मुठी सुटल्या, खांदे खाली आले. तिथेच थांबायला हवं होतं. खात्री करण्यासाठी मी चाळीसवर नेलं, तर ती विनाकारण हसत सुटली, कपाळावर घाम आला आणि "मळमळतंय" म्हणाली. लगेच तीसवर आणलं आणि दोन मिनिटांत ती सावरली. मात्रा ठरवायला वजनाचा तक्ता नसतो, रुग्ण काय सांगतो आणि कसा दिसतो यावरच ती ठरते. तोंड वारंवार मिटायला लागलं किंवा उत्तर उशिरा यायला लागलं, तरी मात्रा जास्त झाली असं समजायचं.

इतक्या झटपट चढ-उतार होतो, कारण हा वायू रक्तात फार कमी विरघळतो. रक्त लवकर भरतं आणि त्याचा दाब मेंदूपर्यंत काही मिनिटांत पोचतो. शरीर त्याचं जवळजवळ काहीच करत नाही. तो जसा आला तसाच श्वासावाटे बाहेर पडतो.

बाहेर पडतानाच एक धोका असतो. नायट्रस हवेतल्या नायट्रोजनपेक्षा रक्तात तीसेक पट जास्त विरघळतो. त्यामुळे तो बंद केल्यावर फुप्फुसात लोंढ्यासारखा परततो आणि तिथल्या ऑक्सिजनला पातळ करतो. असं झालं तर डोकं दुखतं, जडपणा वाटतो. म्हणून काम संपल्यावर पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. ही पाच मिनिटं घाईत कापू नयेत.

काही गोष्टी डॉक्टरांना आधी सांगायलाच हव्यात. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, फुप्फुसांचा जुनाट आजार, नुकतीच झालेली कानाची शस्त्रक्रिया. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा फुगा सोडला असेल, तर हा वायू त्यात शिरून फुगा मोठा करतो आणि दृष्टी जाऊ शकते. आपल्याकडे शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता पुष्कळ आढळते, त्याबद्दलही मी विचारतेच. हा वायू ब-१२ला निकामी करतो. एकदा अर्धा तास घेतल्याने निरोगी माणसाला काही होत नाही, पण साठा आधीच कमी असलेल्याला वारंवार देणं टाळावं.

ऑक्सिजननंतर मी तिला शाळेचं नाव विचारलं आणि दारापर्यंत चालायला लावलं. पाऊल सरळ पडत होतं, डोकं दुखत नव्हतं. मग आईसोबत घरी सोडलं. आईला सांगितलं, पोट ठीक वाटलं की थोडं खाऊ द्या, पण ओठाची बधिरता गेल्यावरच. वायू शरीरातून गेला तरी इंजेक्शनचा असर दोन-तीन तास राहतो, आणि मुलं तो जड ओठ चघळत बसतात. बधिरता जाईपर्यंत मुलीच्या ओठावर लक्ष ठेवा.