बाटलीत ग्लुकोज, शरीरात नुसतं पाणी

आपल्याकडे शिरेतून जे काही चढवतात ते सगळं ‘सलाईन’. स्टँडवरच्या दोन बाटल्या दिसतातही सारख्याच. त्यातली एक मिठाची असते आणि दुसरी ग्लुकोजची. चुकीची लागली तर पहिला फटका मेंदूला बसू शकतो.

नॉर्मल सलाईनमध्ये लिटरमागे 9 ग्रॅम मीठ असतं. त्याची तीव्रता रक्ताच्या जवळपास असल्याने पेशी त्यात फुगत नाहीत की आकसत नाहीत, म्हणून ते आयसोटॉनिक. जुलाब किंवा रक्तस्रावाने बीपी घसरलेल्या रुग्णाला हेच किंवा रिंगर लॅक्टेट देतात.

5 टक्के ग्लुकोज मात्र फसवं आहे. बाटलीत त्याची तीव्रताही रक्ताच्या आसपासच असते, पण शरीर साखर वापरून टाकतं आणि मागे उरतं नुसतं पाणी. ते पेशींमध्ये शिरतं. लिटरमधलं जेमतेम 80 मिली रक्तवाहिन्यांत राहतं. म्हणजे शरीरात गेल्यावर ते हायपोटॉनिकच, रक्तापेक्षा पातळ. ज्याच्या शरीरातलं पाणीच आटलंय आणि रक्तातलं सोडियम नेहमीच्या 140 च्या आसपासवरून 160 वर गेलंय, अशा रुग्णाला ते हळूहळू देणं योग्य. ‘अशक्तपणा आहे, एक ग्लुकोज लावा’ या आग्रहाला मात्र काही अर्थ नाही. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे!

आता समजा, 20 किलोच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. जुन्या हिशोबाने त्याला दिवसाला 1500 मिली द्रव लागतो आणि अगदी कमी मिठाचं ग्लुकोज सुरू केलं जातं. पण वेदना, मळमळ आणि ऑपरेशनचा ताण यांमुळे मेंदूतून एडीएच हे संप्रेरक स्रवत असतं, ते मूत्रपिंडांना पाणी सोडू देत नाही. पाणी साठतं, सोडियम 138 वरून 120 वर येतं आणि पाणी शिरून मेंदूच्या पेशी फुगतात. मुलाचं डोकं दुखतं, उलट्या होतात, ते सुस्तावतं. ‘भुलीचा परिणाम असेल’ म्हणून दुर्लक्ष होतं, आणि मग फिटचा झटका येतो. कवटीत फुगायला जागा नसते ना.

इथे हायपरटॉनिक, म्हणजे रक्तापेक्षा तीव्र असं 3 टक्के सलाईन लागतं. साधारण 40 मिली दहा मिनिटांत देतात. ते मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. किलोमागे 1 मिलीने सोडियम साधारण 1 ने वाढतं, म्हणून गरज पडल्यास हाच डोस पुन्हा देतात. 4 ते 6 ची वाढ झाली की झटके बहुधा थांबतात, आणि मग 3 टक्के सलाईनही थांबवतात. काही दिवसांपासून उतरलेलं सोडियम झपाट्याने चढवलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण झिजू शकतं, म्हणून 24 तासांत सहसा 8 ते 10 च्या पुढे जायचं नाही.

त्यानंतर डॉक्टरांचं लक्ष असतं लघवीच्या पिशवीकडे. ती एकाएकी पाण्यासारखी स्वच्छ लघवीने भरू लागली तर नातेवाइकांना हायसं वाटतं, डॉक्टर मात्र तातडीने सोडियम तपासायला पाठवतात. एडीएच ओसरलेलं असतं, साठलेलं पाणी बाहेर पडत असतं आणि सोडियम आता आपोआपच वेगाने चढत असतं.