हल्ला नेमका किती वाजता झाला? अब्यूज रिपोर्टमधल्या वेळेच्या घोळाची पार्श्वभूमी

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर रात्रभर कुणीतरी पासवर्ड ठोकून पाहत असतं. सकाळी सिस्टिम अ‍ॅडमिन लॉग उघडतो, आयपी पत्ता व्हूइज या पत्त्यांच्या मालकांच्या नोंदवहीत टाकतो आणि तो युरोपातल्या कुठल्याशा होस्टिंग कंपनीचा निघतो. मग तो तक्रार, म्हणजे अब्यूज रिपोर्ट, लिहितो, लॉगच्या चार ओळी चिकटवतो आणि पाठवून देतो. दोन दिवसांनी उत्तर येतं: तुम्ही दिलेल्या वेळी हा पत्ता कुणाकडेच नव्हता. हल्ला खरा होता, पत्ताही बरोबर होता. घोटाळा वेळेत झालेला असतो आणि त्याची मुळं चाळीसेक वर्षं मागे जातात.

तक्रार कुठे पाठवायची, हा प्रश्न बराच आधी सुटला. १९९७ च्या मे महिन्यात आरएफसी २१४२ हा इंटरनेटच्या संकेतांचा दस्तऐवज आला आणि प्रत्येक नेटवर्कने `abuse@` ही पेटी ठेवावी असा संकेत ठरला. त्याआधी लोक मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या पोस्टमास्टरला लिहीत आणि वाट पाहत बसत. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात २०१० च्या अखेरीस आयपी पत्त्यांच्या नोंदीला तक्रारीचा संपर्क जोडणं सक्तीचं झालं. पुढे तो पत्ता जिवंत आहे की नाही, हेही ठरावीक काळाने तपासलं जाऊ लागलं. २०१८ मध्ये युरोपातल्या खासगीपणाच्या कायद्यामुळे डोमेनच्या नोंदींतून मालकांची नावं गेली, तेव्हा आता तक्रारी बंदच पडणार अशी ओरड झाली. आयपी पत्त्यांच्या नोंदीतला तक्रारीचा पत्ता मात्र जागेवरच राहिला, आणि सर्व्हरवरच्या हल्ल्यासाठी लागतो तो तेवढाच.

खरी अडचण लॉगच्या ओळीत आहे. एका हल्ल्यातली ही ओळ पाहा. यातले आणि पुढचे आयपी पत्ते मुद्दाम उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत.

```
Mar  4 02:13:41 web1 sshd[21877]: Failed password for root from 203.0.113.45 port 51122 ssh2
```

यात साल नाही आणि टाइमझोन नाही. हल्ला कुठल्या पत्त्यावर झाला तेही नाही. `web1` हे घरातलं नाव, बाहेरच्याला त्याचा उपयोग शून्य. ही रचना १९८० च्या दशकात मेल सर्व्हरच्या सोबतीने जन्मलेल्या सिसलॉग या लॉग लिहिण्याच्या पद्धतीची. तेव्हा लॉग वाचणारा माणूस त्याच खोलीत, त्याच घड्याळाखाली बसलेला असे. साल आणि झोन लिहून जागा कशाला वाया घालवायची? २००१ मध्ये आरएफसी ३१६४ निघाला, पण त्याने आधीपासून चाललेली हीच पद्धत कागदावर आणली.

गंमत म्हणजे शेजारच्या दोन घरांनी हा धडा आधीच घेतला होता. ईमेलच्या हेडरमध्ये सुरुवातीला झोनची अक्षरी नावं चालत, पण १९८९ पर्यंत त्यांतला गोंधळ उघड झाला आणि `+0530` सारखा आकडा लिहावा अशी शिफारस आली. वेब सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्येही हा आकडा पूर्वीपासून आहे. मात्र एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्याच एरर लॉगमध्ये आजही तो नसतो. त्यामुळे एकाच मशीनवरच्या दोन फायलींतून ओळी उचलल्या, तर एक ओळ स्वतःची वेळ पुरती सांगते आणि दुसरी अर्धीच.

झोन नसल्याने अडतं कुठे, हे होस्टिंगवाल्याच्या टेबलावरून बघितलं की कळतं. क्लाउडमधलं मशीन तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतं. काम झालं की ग्राहक ते मोडतो आणि तोच पत्ता पुढच्याला जातो. तक्रार हाताळणाऱ्याला पत्ता आणि क्षण अशी जोडी मिळाली, तरच तो ग्राहकापर्यंत पोचतो. वरची ओळ भारतीय वेळेनुसार ४ मार्चच्या पहाटेची, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ३ मार्च, रात्रीचे २०:४३:४१. झोन न लिहिता ती तशीच पाठवली आणि समोरच्याने यूटीसी समजून वाचली, तर तो साडेपाच तास पुढचा ग्राहक शोधेल. तारीखही बदललेली असेल. त्या वेळी तो पत्ता रिकामा असला तर तक्रार नुसती बंद होते. दुसऱ्याच कुणाकडे असला तर एका निर्दोष ग्राहकाला नोटीस जाते, आणि हे जास्त वाईट.

मग झोन लिहायचा ठरलं की बहुतेक जण `IST` लिहितात. इथे दुसरा खड्डा आहे. ही तीन अक्षरं भारताची, इस्रायलची आणि उन्हाळ्यातल्या आयर्लंडची अशी तिघांची आहेत. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, इस्रायल हिवाळ्यात दोन तास, आयर्लंड उन्हाळ्यात एक तास. माणूस एकवेळ संदर्भावरून ओळखेल, पण तक्रारी आता आधी यंत्र वाचतं. पोस्टग्रेस हा सर्रास वापरला जाणारा डेटाबेस त्याच्या मूळ सेटिंगमध्ये वर्षानुवर्षं `IST` म्हणजे इस्रायल असंच धरत आला. भारताची वेळ हवी तर संक्षेपांचा वेगळा संच निवडावा लागतो. म्हणजे आपली २०:४३:४१ ची घटना तिथे ००:१३:४१ ला नोंदली जाते. साडेतीन तासांचा हा फरक कुठेही एरर दाखवत नाही, म्हणून तो सापडतही नाही.

मुंबईला दोन घड्याळांची सवय जुनी आहे म्हणा. १ जानेवारी १९०६ ला देशासाठी एक प्रमाणवेळ आली, तरी या शहराने ३९ मिनिटं मागे असलेला आपला ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही, आणि तो पार १९५५ पर्यंत टिकला. पण तेव्हा भेटीची वेळ ठरवताना ‘कुठला टाइम’ असं विचारता यायचं.

आता वादाचा मुद्दा. लॉग यूटीसीत बदलून पाठवावा की जसाच्या तसा? एका गटाचं म्हणणं असं की समोरच्याला त्रास नको, सगळ्या ओळी यूटीसीत करून द्या. दुसरा गट म्हणतो की लॉग हा पुरावा आहे, त्यातलं एक अक्षरही बदललं की तो तुमचा मजकूर झाला. माझा कल दुसऱ्या गटाकडे आहे. एक तर बदल करताना चुका होतात, विशेषतः मध्यरात्रीच्या आसपास, जेव्हा तारीखही मागे न्यायची असते. शिवाय प्रकरण उद्या पोलिसांपर्यंत गेलं, तर सर्व्हरवरची ओळ आणि तक्रारीतली ओळ जुळली पाहिजे. पण म्हणून रूपांतराचं ओझं समोरच्यावर टाकणंही बरोबर नाही. त्यामुळे ओळी मूळ रूपात ठेवायच्या आणि त्यांच्या वर सारांश द्यायचा, यात दोन्ही साधतं:

```
Source:      203.0.113.45, TCP
Target:      198.51.100.20, TCP port 22
Time (UTC):  2025-03-03 20:43:41 to 21:26:09
Log offset:  UTC+05:30 (lines below are unmodified)
Clock:       NTP-synchronised
```

रूपांतर मनात करू नये, सर्व्हरलाच विचारावं.

```
date -u -d '2025-03-04 02:13:41 +0530'
```

सारांशातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे. ‘टार्गेट’ हाताने लिहावं लागतं, कारण एसएसएचच्या लॉगमध्ये ते नसतंच. ‘टीसीपी’ लिहिल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट असण्याची शंका मिटते: पासवर्ड विचारण्यापर्यंत संवाद गेला, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाकिटांची देवाणघेवाण झाली आहे. उत्तराची वाट न पाहता पाकिटं सोडणाऱ्या यूडीपीच्या पुरात अशी खात्री देता येत नाही आणि तिथे बिचाऱ्या तिसऱ्याच सर्व्हरवर तक्रार जाते. मूळ ओळीतला `port 51122` कधी कापू नये. एका पत्त्यामागे अनेक ग्राहक असले, तर माणूस त्या सोर्स पोर्टवरूनच सापडतो. २०११ च्या आरएफसी ६३०२ ने नेमकं हेच सांगितलं: सोर्स पोर्ट नोंदवा, आणि वेळ सेकंदापर्यंत अचूक ठेवा.

ओळी न बदलण्याच्या नियमाला एकच अपवाद. घाईत लोक युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतात आणि तो `invalid user` च्या पुढे जसाच्या तसा लॉगमध्ये उतरतो. बऱ्याच होस्टिंग कंपन्या तक्रार आहे तशी ग्राहकाकडे, म्हणजे कदाचित हल्लेखोराकडेच, पुढे ढकलतात. म्हणून आपल्याच माणसांच्या ओळी वगळाव्यात आणि वगळल्याचं सांगावं.

दरम्यान तक्रार लिहिणंही यंत्राकडे गेलं. फेल२बॅनसारखं साधन पत्ता ब्लॉक करता करता तक्रारही पाठवू शकतं. सर्व्हरचा टाइमझोन आकड्यात लिहिण्याची सोय त्याच्या साच्यातच आहे, ही त्यातली चांगली बाजू. पण दर ब्लॉकमागे एक मेल सुटू लागल्यावर समोरच्या पेट्या भरून गेल्या. माझ्या मते आजच्या दुर्लक्षाला होस्टिंगवाल्यांच्या आळसाइतकाच हा पूरही जबाबदार आहे.

आपल्याकडे वेळेची चर्चा पेटली ती २८ एप्रिल २०२२ च्या सरकारी निर्देशांनंतर. घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवणं, लॉग १८० दिवस ठेवणं आणि घड्याळं सरकारी एनटीपी सर्व्हरशी जुळवणं, अशा त्यातल्या अटी. सहा तासांवर इतका गदारोळ झाला की घड्याळाची अट अर्धवटच वाचली गेली, आणि सगळ्या सर्व्हरचा झोन आता भारतीय वेळेवर आणायचा असा समज पसरला. पुढच्याच महिन्यात आलेल्या खुलाशात तशी सक्ती नसल्याचं स्पष्ट झालं. घड्याळ प्रमाण वेळेशी जुळलेलं हवं आणि वेळेसोबत झोन नोंदलेला हवा, एवढंच. तोवर ज्यांनी परदेशातली मशीनं यूटीसीवरून भारतीय वेळेवर आणली होती, त्यांच्या एकाच लॉग फाइलमध्ये अर्ध्या ओळी एका वेळेच्या आणि अर्ध्या दुसऱ्या वेळेच्या झाल्या.

मूळ दुखण्यावर औषध तसं २००९ मध्येच आलं होतं. आरएफसी ५४२४ ने सिसलॉगच्या वेळेत साल आणि झोन दोन्ही आणले. तरीही लिनक्सच्या वितरणांनी जुना साचा सोडायला पुढची बरीच वर्षं घेतली, कारण असंख्य स्क्रिप्ट पहिले तीन रकाने म्हणजे वेळ असं धरून चालत होत्या. २०२३ च्या डेबियन १२ पासून लॉग लिहिणारा आरसिसलॉग मुळातच `2025-03-04T02:13:41.120345+05:30` असं लिहितो. जुनी कॉन्फिग तशीच ठेवून अपग्रेड केलेल्या मशीनवर मात्र `RSYSLOG_TraditionalFileFormat` ही ओळ अजून जागी असते. ती काढली की नवीन रूप सुरू होतं, आणि त्या दिवशी वेळेचे तीन रकाने मोजणारी जुनी स्क्रिप्ट बंद पडते.