अनिवासी भारतीयांच्या बँक ठेवींवरील व्याजकर

परदेशात स्थायिक झालेल्या व्यक्तीला भारतातील बँक खात्यांतून मिळणाऱ्या व्याजावरील प्राप्तिकर व मुळातून होणारी करकपात. पुढील कलमे व फॉर्म 1961 च्या प्राप्तिकर कायद्याखालील आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा लागू झाल्याने त्यांचे क्रमांक बदलले आहेत.

एनआरई खाते परदेशातील कमाईसाठी असते. ही सोय साधारण 1970 च्या सुमारास सुरू झाली असावी. तिचे व्याज कलम 10(4) नुसार करमुक्त आहे. मात्र या सुटीसाठी अनिवासी कोण, हे प्राप्तिकरातील 182 दिवसांच्या हिशेबावर ठरत नाही, तर फेमा (1999) या परकीय चलन कायद्यातील व्याख्येवर ठरते. डिसेंबरात नोकरीसाठी दुबईला गेलेला विट्याचा तरुण त्या वर्षी प्राप्तिकराच्या दृष्टीने निवासीच असतो, पण फेमाप्रमाणे निघाल्या दिवसापासून अनिवासी होतो आणि एनआरई व्याजाची सूट त्याला मिळते. कायमचे गावी परतल्यावर उलट घडते. मुदत ठेव संपेपर्यंत सूट टिकते, असे काही करसल्लागार मानतात व खाते चालू ठेवण्यास रिझर्व्ह बँकेने दिलेल्या परवानगीच्या तरतुदीचा आधार घेतात. कलमाचा रोख पाहता परतल्याच्या दिवसापासूनचे व्याज करपात्र धरणे अधिक सयुक्तिक वाटते. बँकेला कळवले नाही, तर खाते एनआरई म्हणूनच चालत राहते आणि कपात होत नाही. त्यामुळे चूक उशिरा ध्यानात येते.

एनआरओ खात्यात घरभाडे, शेतजमिनीचा खंड असे भारतातले उत्पन्न जमा होते व त्याचे व्याज करपात्र असते. समजा, सांगलीतील बँकेत 10 लाखांची एनआरओ ठेव 7 टक्क्यांनी आहे. वर्षाचे व्याज 70,000 रुपये. कलम 195 नुसार 30 टक्के कर व त्यावर 4 टक्के उपकर धरून 21,840 रुपये कापले जातात. निवासींना लागू असलेली किमान मर्यादा येथे नाही. संयुक्त अरब अमिरातीशी असलेल्या करारानुसार दर 12.5 टक्के, म्हणजे कपात 8,750 रुपये होते. त्यासाठी तेथील कर-रहिवासी दाखला आणि फॉर्म 10एफ व्याज जमा होण्यापूर्वी बँकेत द्यावा लागतो. दुसरे उत्पन्न नसेल, तर विवरणपत्र भरून सगळी रक्कम परत मिळवता येते.

परदेशी गेल्यावरही निवासीच राहिलेली जुनी खाती एनआरओमध्ये बदलून घेणे फेमानुसार बंधनकारक आहे. न बदलल्यास 2025–26 मध्ये याच व्याजावर बँक कलम 194ए नुसार 10 टक्के, म्हणजे 7,000 रुपये कापते. प्रत्यक्ष करदेयता त्याने बदलत नाही. कपात टाळण्यासाठी घरचे लोक 15जी भरून देतात. हा फॉर्म फक्त निवासींसाठी असल्याने अनिवासीच्या नावे ते खोटे प्रतिज्ञापन ठरते.