वर्ग-घन नियम (गणेशमूर्तीची प्रमाणवाढ)

एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची एकाच पटीने वाढवली, तर तिचे पृष्ठफळ त्या पटीच्या वर्गाने वाढते आणि घनफळ घनाने. माती तीच असेल तर वजनही घनानेच वाढते. या पटीला प्रमाणगुणक म्हणतात. तो k मानला तर पृष्ठफळ k² पट आणि वजन k³ पट होते. कोकणात हा नियम सगळ्यात जास्त अनुभवाला येतो तो गणेशशाळेत. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या कारखान्यांपासून सिंधुदुर्गातल्या वाडीवरच्या शाळेपर्यंत सगळीकडे नमुन्याची छोटी मूर्ती पाहून मोठी घडवण्याचे काम चालते, आणि मूर्तीची मागणी नोंदवली जाते ती फक्त उंचीने.

भरीव शाडूची एक फुटी बैठी मूर्ती घेऊ. वाळल्यावर तिचे वजन 8 किलो आणि पृष्ठफळ सुमारे 3,000 चौरस सेंटिमीटर आहे असे धरू. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा पहिला हात द्यायला 60 मिलिलिटर रंग लागतो. तीच मूर्ती दोन फुटी केली तर रंग 4 पट, म्हणजे 240 मिलिलिटर लागेल. माती मात्र 8 पट, म्हणजे 64 किलो. तीन फुटीला रंग 9 पट होऊन 540 मिलिलिटर आणि माती 27 पट होऊन 216 किलो. गिऱ्हाईक ‘औंदा जरा मोठी करा, दोन फुटी’ असे सहज म्हणून जाते, पण घरचा पाट शाळेत देऊन चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती डोक्यावर घेऊन जायची, तर 8 किलो एक माणूस नेतो. 64 किलोला चार माणसे लागतात आणि पाटही नवा करावा लागतो.

गुणक पूर्णांकातच असला पाहिजे असे नाही. 9 इंची नमुन्यावरून 14 इंची मूर्ती करायची तर k = 14 ÷ 9, म्हणजे साधारण 1.56. त्याचा वर्ग 2.42 आणि घन 3.76. म्हणजे उंची दीडपटीच्या थोडीच वर गेली, पण माती पावणेचार पट भिजवावी लागेल. उलटे गणितही तितकेच कामाचे आहे. वाहून नेण्याच्या सोयीसाठी वजन 20 किलोच्या आत ठेवायचे असेल, तर 20 ÷ 8 = 2.5 आणि त्याचे घनमूळ सुमारे 1.36. म्हणून भरीव मूर्ती 16 इंचांच्या वर नेता येणार नाही. उंची मोजताना नमुना आणि मोठी मूर्ती दोन्ही एकाच जागेपासून मोजाव्यात. एकीची उंची पाटापासून मुकुटापर्यंत आणि दुसरीची बैठकीपासून धरली, तर इंचभराची चूक घन करताना तिपटीच्या आसपास फुगते.

वजन वाढणे ही अडचण निदान तराजूवर दिसते. ताकदीची अडचण मूर्ती तुटेपर्यंत दिसत नाही. पुढे आलेला मोदकाचा हात किंवा पोटापासून सुटी ठेवलेली सोंड घ्या. तीन पट मूर्तीत त्या हाताचे वजन 27 पट झाले, पण तो ज्या सांध्यावर तोलला आहे त्याचा छेद 9 पटच वाढला. वजनाचा मध्यही सांध्यापासून तीन पट दूर गेला. मात्र सांध्याची जाडी तिपटीने वाढल्यामुळे तेवढा भाग भरून निघतो. शेवटी मातीवरचा ताण तिप्पट उरतो. मातीची ताकद मात्र तेवढीच राहते. म्हणून नमुन्यात नुसत्या मातीवर उभा राहणारा हात मोठ्या मूर्तीत ओल्यावरच खाली झुकतो किंवा वाळताना खांद्याशी भेगाळतो. भेग नेहमी हाताच्या वरच्या अंगाला सुरू होते, कारण ताणले जाते ते तिथेच. उपाय दोन आहेत: आत काठी किंवा तार घालणे, किंवा प्रमाण मोडून खांदा आणि मनगट मुद्दाम जाड करणे. दुसरा उपाय अधिक प्रामाणिक आहे, कारण वाळताना माती आकसते आणि आतली काठी आकसत नाही; काठीभोवती माती पुरेशी जाड नसेल तर काठीच्या रेषेवरच चीर जाते. गॅलिलिओने 1638 मध्ये हाच मुद्दा हाडांच्या बाबतीत मांडला होता: मोठ्या प्राण्याचे हाड नुसते लांब करून चालत नाही, लांबीच्या मानाने ते अधिक जाड हवे.

वाळण्याचा हिशोबही याच नियमातून निघतो, आणि कोकणात तो जास्त छळतो, कारण मूर्तिकाम ऐन आषाढ-श्रावणात चालते. मातीतले पाणी घनाने वाढते, ते उडून जायला मिळणारा पृष्ठभाग वर्गाने. त्यात पोटातल्या पाण्याला बाहेर यायला तिप्पट जाडी ओलांडावी लागते. आतून बाहेर झिरपण्याला लागणारा वेळ जाडीच्या साधारण वर्गाने वाढतो, म्हणून भरीव तीन फुटी मूर्तीला एक फुटीच्या तिप्पट नव्हे, तर जवळपास नऊपट दिवस लागतात. एवढे दिवस हातात नसतात. मग वरची कातडी वाळून आकसते, आतला गोळा ओलाच असतो आणि पोटावर उभ्या भेगा पडतात. भेग न पडता वरवर पांढरी दिसणारी मूर्ती रंगवली तर आठवड्याने रंगाला फोड येतात. खात्री करायची तर मूर्ती दोन दिवसांच्या अंतराने तोलावी. वजन उतरायचे थांबले की ती वाळली. गालाला लावून गार लागते का पाहणे ही जुनी परीक्षा, पण ती कातडीपुरतीच खरी.

म्हणूनच मोठी मूर्ती पोकळ करतात, आणि इथे घनाचा नियम चुकवता येतो. एक फुटी मूर्ती 1 सेंटिमीटर जाडीची केली आणि वजन 5 किलो भरले असे समजा. तीन फुटीत जाडीही प्रमाणात वाढवून 3 सेंटिमीटर केली, तर वजन घनानेच वाढून 135 किलो होईल. जाडी 1 सेंटिमीटरच ठेवली, तर माती फक्त पृष्ठभागाच्या प्रमाणात लागते आणि वजन 9 पटीच्या थोडे वर, 45 ते 50 किलो राहते. पण एवढी पातळ भिंत वरच्या धडाखाली बसते, बैठकीशी फुगते. व्यवहारात 2 सेंटिमीटरच्या आसपासची जाडी घेऊन बैठक अधिक जाड ठेवतात, आणि वजन 90 किलोच्या पुढे जाते. मागची प्रभावळही अशीच: तिची उंची-रुंदी वाढवून जाडी तीच ठेवली तर ती वर्गाने जड होते. मात्र उंच आणि पातळ झाल्यामुळे ती एकटी उभी राहत नाही, मूर्तीच्या पाठीला दोन ठिकाणी धरून ठेवावी लागते.

नमुना तोलताना तो पूर्ण वाळलेला आणि न रंगवलेला असावा, आणि पाट वेगळा तोलून वजा करावा. हिशोबाने आलेले किलो वाळलेल्या मातीचे असतात. भिजवलेला गोळा त्याहून जड भरतो, म्हणून शाडू कोरडी पावडर असतानाच तोलून घ्यावी आणि तासून काढायच्या मातीची थोडी भर वर धरावी.