मोटारीचा रंगसंकेत व विटलेल्या रंगाची जुळणी

मोटारीला कारखान्यात दिलेल्या रंगाची नेमकी ओळख पटवणारा अक्षरे-अंकांचा छोटा संकेत म्हणजे रंगसंकेत. गॅरेजांत त्याला 'कलर कोड' किंवा 'पेंट कोड' म्हणतात. तो गाडीच्या लेबलावर किंवा पाटीवर छापलेला असतो आणि त्यावरून रंगाच्या दुकानात त्या छटेचे सूत्र काढून टचअपचा रंग मिसळता येतो. मात्र हा संकेत गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीच्या रंगाचा असतो. दहा वर्षे उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा आजचा रंग त्यात नसतो. गोव्यात ऊन, समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे हा फरक लवकर नजरेत भरतो.

पूर्वपीठिका. मोटारींच्या आरंभीच्या काळात वार्निश व इनॅमल यांचे थर वाळायला पुष्कळ दिवस लागत. अमेरिकेत 1923 मध्ये ड्यूपाँ कंपनीचे 'ड्यूको' हे नायट्रोसेल्युलोज लॅकर ओकलंड या गाडीवर वापरले गेले आणि झटपट वाळणाऱ्या रंगीत फिनिशचे युग सुरू झाले, असे सामान्यतः मानतात. रंगसंकेत पाटीवर छापण्याची प्रथा नेमकी कधीपासूनची, यावर एकमत दिसत नाही. काहीजण तिचा संबंध थेट ड्यूकोशी जोडतात. छटांची संख्या वाढली आणि दुरुस्तीसाठी सूत्रे ठेवावी लागली तेव्हा ती रूढ झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. 1950 च्या दशकातील अमेरिकी गाड्यांच्या पाट्यांवर रंगाचा संकेत आढळतो, एवढे निश्चित. 1980 च्या दशकात रंगाचा पातळ थर व त्यावर पारदर्शक क्लिअर ही दुहेरी पद्धत सर्वत्र पसरली. जुळणीचे आजचे बरेचसे प्रश्न तिच्यातून आले आहेत.

लेबल कुठे असते. सर्व कंपन्यांची एकच जागा नाही. चालकाच्या किंवा शेजारच्या दाराच्या चौकटीतला खांब, बॉनेट उघडल्यावर दिसणारी मागची भिंत किंवा रेडिएटरवरची पट्टी, आणि फोक्सवॅगन-स्कोडा गटात डिकीतली स्टेपनीची खाच, या क्रमाने शोधावे. खांबावरचे टायरच्या हवेचे स्टिकर हे रंगाचे लेबल नव्हे. सतरा अक्षरांच्या चासी क्रमांकातही रंग सांगितलेला नसतो. विक्रेता किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटर त्या क्रमांकावरून कंपनीच्या नोंदीत रंग शोधू शकते, ही वेगळी गोष्ट.

लेबल वाचताना सर्वाधिक चूक होते ती शेजारच्या संकेतामुळे. टोयोटाच्या पाटीवर C/TR या अक्षरांपुढे आधी बाहेरचा रंग, मग तिरकी रेघ, मग आतल्या आसनांच्या कापडाचा संकेत असतो. गोव्यातल्या टूरिस्ट टॅक्सींत नेहमी दिसणारा पांढरा बहुतेकदा 040 हा असतो आणि त्यापुढची अक्षरे रंगाच्या दुकानदाराच्या कामाची नसतात. होंडाच्या NH-578 मधील NH हा उपसर्ग पांढऱ्या-करड्या-काळ्या गटाचा आहे. तो गाळून दुकानात नुसते 578 सांगितले तर घोळ होऊ शकतो. सुझुकीच्या Z2S सारख्या संकेतांत Z, 2 आणि S एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे झिजलेल्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून वाचावा. आरसी बुकातला रंग केवळ नाव म्हणून असतो. तोही पडताळणीसाठी उपयोगी पडतो, पण एकाच नावाच्या छटा वेगवेगळ्या मॉडेलांना वेगळ्या संकेतांनी दिलेल्या असू शकतात.

संकेत जुळला तरी रंग का जुळत नाही. या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत आणि त्यांतील पहिले बहुतेकांना माहीत नसते. एकाच संकेताचे कारखान्यातले उत्पादन वर्षानुवर्षे अगदी एकसारखे राहत नाही. रंग पुरवणारा बदलतो, कारखाना बदलतो, रंगद्रव्याची खेप बदलते. म्हणून दुरुस्तीचे रंग बनवणाऱ्या कंपन्या एकाच संकेताखाली मूळ सूत्राशिवाय 'जास्त लाल', 'जास्त पिवळट', 'बारीक चमकीचे' असे पर्याय ठेवतात. चांगल्या दुकानात या पर्यायांच्या रंगीत पट्ट्यांचा गठ्ठा असतो. गाडी तिथे नेऊन पट्टी पत्र्यावर धरून पाहणे हे नुसता संकेत सांगून डबी घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. मोठ्या केंद्रांत स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे यंत्र पत्र्यावर टेकवून हेच काम करते.

दुसरे कारण म्हणजे विटणे. ठोस, एकेरी थराच्या रंगात सूर्याची अतिनील किरणे रंगद्रव्याला धरून ठेवणारा राळेचा बंध तोडतात, द्रव्य मोकळे होते आणि बोट फिरवल्यास खडूसारखी पूड हाताला लागते. लाल रंगात हे लवकर घडते आणि छटा गुलाबी-नारिंगीकडे झुकते. दुहेरी थरात आधी क्लिअर झिजतो, म्हणून रंग फिका दिसण्याऐवजी धुरकट दिसतो. दोन्हींतला फरक ओळखायचा तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन न दिसणाऱ्या जागी घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकेरी आहे, पांढरेच राहिले तर वर क्लिअर आहे. तिसरे कारण धूळ. गोव्यातली तांबडी माती, डिचोली-सांगे पट्ट्यात खनिजाची आणि वास्को परिसरात कोळशाची धूळ रंगाच्या बारीक छिद्रांत बसते आणि पांढऱ्या गाडीला एक फसवी छटा देते. ती काढल्याशिवाय जुळणी करणे म्हणजे धुळीशी रंग जुळवणे होय.

काय जुळवायचे. याबाबत दोन मते आहेत. जुने पेंटर डोळ्याने अंदाज घेत विटलेल्या रंगाबरहुकूम छटा वळवणारा रंग म्हणजे टिंट टाकतात. दुसरे मत असे की आधी आसपासचा पत्रा कंपाउंड-पॉलिशने शक्य तितका मूळ रंगावर आणावा आणि मगच संकेताप्रमाणे रंग लावावा. लहान चऱ्यासाठी दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. विटण्याची प्रक्रिया थांबत नाही, त्यामुळे आज जुळवलेला ठिपका आणि भोवतालचा पत्रा पुढे वेगवेगळ्या गतीने बदलतात. या मताची मर्यादा क्लिअरच्या जाडीत आहे. तो थर साधारण 40 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. त्यातले काही मायक्रॉनच घासता येतात. एकदा तो फुटून पापुद्रे सुटू लागले की टचअपचा काहीही उपयोग नसतो आणि तो पूर्ण पॅनेल फवारून घ्यावा लागतो.

उदाहरण. म्हापशात उघड्यावर उभी राहणारी, दहा वर्षांची, एकेरी लाल थराची हॅचबॅक घेऊ. अरुंद वाटेवर चिऱ्याच्या कुंपणाला घासून उजव्या दारावर बोटभर चरा पडला आहे. चरा तांबूस दिसतो, पण तो गंज असेलच असे नाही, चिऱ्याची पूडही तशीच दिसते. प्रथम साबणाच्या पाण्याने आणि मग थिनरच्या बोळ्याने पुसावे. तांबूसपणा गेला तर पूड होती, राहिला तर गंज. आत पत्रा उघडा दिसत असेल तर त्याच दिवशी त्यावर प्राइमर लावावा, कारण किनाऱ्यालगतच्या गावात पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर गंज लवकर धरतो.

यानंतर पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू पाहावी. तिथे ऊन पोहोचत नाही, म्हणून ती गाडीच्या मूळ रंगाची सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरते. दाराच्या चौकटीतला रंग काही गाड्यांत पातळ दिलेला असतो, त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. दार कंपाउंडने उजळून झाल्यावर ते झाकणाशी ताडून पाहावे. पुष्कळदा अंतर बरेच कमी झालेले आढळते. उरलेले अंतर टिंटने भरायचे.

दुकानातून संकेताप्रमाणे किमान 100 मिली रंग घ्यावा. सूत्रातले एखादे रंगद्रव्य ग्रॅमच्या दशांशात मोजले जाते, आणि 20 मिलीच्या डबीत तराजूची तेवढीच चूक पाचपट जड पडते. त्यातला चमचाभर रंग वाटीत घेऊन पांढऱ्या जाड कार्डावर लावावा, मध्ये भोक पाडावे आणि पूर्ण वाळल्यावर कार्ड दारावर ठेवून भोकातून दिसणारा पत्रा आणि कडेचा रंग शेजारी-शेजारी पाहावा. ओला रंग पाहून ठरवू नये. लॅकर वाळताना बहुधा गडद होते. उघड्या आभाळाखालच्या सावलीत, सकाळी पाहावे. ट्यूबलाइटखाली जुळलेला लाल उन्हात वेगळा दिसू शकतो, कारण दोन वेगळ्या द्रव्यांचे मिश्रण एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात निराळे भासते.

विटलेला लाल फिका आहे म्हणून पांढरा टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. पांढऱ्याने लाल उजळ होण्याऐवजी दुधाळ गुलाबी होतो. आधी सुईच्या टोकावर येईल इतका नारिंगी किंवा पिवळसर टोनर टाकून प्रत्येक वेळी नवे कार्ड करावे. कार्ड आणि दार यांतला फरक हातभर अंतरावरून दिसेनासा झाला की थांबावे.

रंग बारीक ब्रशने किंवा दातकोरणीने फक्त चऱ्याच्या आत, पातळ थरांत भरावा. एक थर वाळायला कोरड्या हवेत अर्धा तास पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत दमटपणा इतका असतो की लॅकरवर पांढुरका धुका चढतो, ज्याला पेंटर 'ब्लश' म्हणतात. वाळण्याच्या थंडाव्याने पृष्ठभागावर पाणी साठते म्हणून असे होते. शक्य असल्यास काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. भरलेला रंग पृष्ठभागापेक्षा किंचित वर आला की दोन दिवसांनी 2000 नंबरच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात हलके सपाट करून कंपाउंड फिरवावे.

चमकीचे रंग. चंदेरी व तत्सम रंगांत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्या असतात आणि त्या कोणत्या कोनात आडव्या पडतात यावर छटा ठरते. फवाऱ्याने त्या सपाट बसतात, ब्रशने अस्ताव्यस्त, म्हणून ब्रशचा ठिपका समोरून गडद दिसतो. दगडाच्या टवक्याएवढ्या जागेपुरता तो खपतो. लांब चऱ्यासाठी फवारून शेजारच्या पॅनेलमध्ये रंग विरवत नेणे हाच उपाय आहे. प्लास्टिकचे बंपर अनेकदा वेगळ्या ठिकाणी रंगवलेले असतात, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासूनच पत्र्याशी तंतोतंत जुळत नाहीत आणि त्यांच्यावरून टिंट ठरवणे धोक्याचे.

लेबल व गाडीचा रंग यांत मेळ नसेल तर गाडी पुन्हा रंगवलेली आहे असे समजावे. भाड्याने देण्यात येणाऱ्या गाड्यांत हे विशेष तपासावे, कारण त्यांच्या दारांना ओरखडे वारंवार येतात व एक-दोन पॅनेल दुसऱ्या सूत्राने रंगवलेले असतात. अशा वेळी आरसीतील नाव आणि लेबल ताडून, मग ज्या पॅनेलवर काम करायचे त्याच्याशीच कार्ड लावावे.