घटक विश्लेषण आणि प्रश्न-प्रतिसाद सिद्धांत (मापनीची वैधता)

नवी मानसशास्त्रीय मापनी तयार करताना तिच्यातील विधाने एकाच गुणाचे मापन करतात का, आणि प्रत्येक विधान त्या गुणाच्या कोणत्या पातळीवर किती माहिती देते, हे तपासण्याच्या दोन सांख्यिकीय पद्धती. पहिली विधानांमधल्या सहसंबंधांकडे पाहते. दुसरी व्यक्तीच्या गुणपातळीनुसार विशिष्ट उत्तर येण्याची संभाव्यता मांडते.

घटक विश्लेषणाचा आरंभ सर्वसाधारणपणे चार्ल्स स्पिअरमन यांच्या १९०४ मधील बुद्धिमत्तेवरील लेखापासून धरतात. कार्ल पिअरसन यांचे १९०१ मधील प्रमुख अक्षांचे गणित त्याच्याही आधीचे आहे. पण त्यात निरीक्षणामागे दडलेल्या कारणाची कल्पना नाही, म्हणून स्पिअरमन यांना आद्य मानणेच अधिक सयुक्तिक वाटते. प्रश्न-प्रतिसाद सिद्धांताचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. कोणी थर्स्टन यांच्या १९२५ मधील लेखाकडे बोट दाखवतात, कोणी लॉली यांच्या १९४३ मधील कामाकडे. फ्रेडरिक लॉर्ड यांचा १९५२ मधील प्रबंध आणि लॉर्ड व नोव्हिक यांच्या १९६८ मधील ग्रंथातील बर्नबॉम यांची प्रकरणे ही अमेरिकी परंपरा झाली. डेन्मार्कमध्ये गेऑर्ग राश यांनी १९६० मध्ये वेगळ्या वाटेने प्रारूप मांडले. राश परंपरेत सर्व विधानांची भेदनक्षमता, म्हणजे कमी-जास्त गुणपातळीच्या व्यक्तींमध्ये फरक करण्याची ताकद, समान असणे ही मापनाची अट मानतात आणि न बसणारे विधान काढून टाकतात. लॉर्ड-बर्नबॉम परंपरेत प्रत्येक विधानाची भेदनक्षमता वेगळी मोजतात. भावना-वृत्तींच्या विधानांसाठी दुसरी भूमिका अधिक सोयीची ठरते. पाच पर्यायी उत्तरांसाठी समेजिमा यांचे १९६९ चे श्रेणीबद्ध प्रारूप वापरतात.

या दोन पद्धती एकामागून एक करायच्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. ताकाने आणि द लेऊ यांनी १९८७ मध्ये दाखवले, की हो/नाही उत्तरांचे घटक विश्लेषण आणि दोन प्राचलांचे प्रसामान्य प्रतिसाद-प्रारूप ही एकाच प्रारूपाची दोन रूपे आहेत. विधानाचा घटकभार, म्हणजे मागे दडलेल्या घटकाशी त्याचा सहसंबंध, λ आणि ‘हो’ उत्तर सुरू होण्याचा उंबरठा τ असेल, तर लॉजिस्टिक मापावर भेदनक्षमता a व काठिण्य b, म्हणजे ‘हो’ येण्याची शक्यता निम्मी असते ती गुणपातळी, साधारण असे मिळतात:

a = 1.7 × λ / √(1 − λ²),  b = τ / λ

λ = ०.७० असता a सुमारे १.६७ येते, आणि λ = ०.४० असता ०.७४. विधान जास्तीत जास्त किती माहिती देते हे a² च्या प्रमाणात ठरते, म्हणून पहिले विधान दुसऱ्याच्या सुमारे पाचपट माहिती देते. घटकभारांतला किरकोळ वाटणारा फरक इथे मोठा होतो. याचीच दुसरी बाजू अशी, की घटक विश्लेषणात शिरलेली चूक प्रतिसाद-वक्रांतही जशीच्या तशी, किंबहुना फुगून, उतरते.

उदाहरणादाखल परीक्षेच्या चिंतेची सहा विधानांची हो/नाही मापनी कल्पू. तीन विधाने झोपेची आहेत: ‘परीक्षेच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही’, ‘पेपरच्या आधी माझी झोप उडते’, ‘परीक्षेच्या काळात मला रात्री वारंवार जाग येते’. उरलेली तीन वेगवेगळ्या अंगांची आहेत: छातीत धडधडणे, वाचलेले न आठवणे, निकालाचे विचार मनातून न जाणे. झोपेच्या विधानांचे आपसातले सहसंबंध ०.७५ आणि बाकी सर्व जोड्यांचे ०.३६ आहेत असे धरू. (येथे हो/नाही उत्तरांमागे सलग गुण आहे असे धरून काढलेले चतुष्कोष्ठी सहसंबंध घ्यावेत. हो/नाही उत्तरांवर साधा पिअरसन सहसंबंध घेतल्यास केवळ सारख्या काठिण्याची विधाने एकत्र येऊन खोटे घटक दिसतात, हे फर्ग्युसन यांनी १९४१ मध्येच दाखवले होते.)

झोपेची तिन्ही विधाने एकच गोष्ट पुन्हा विचारत नसती आणि सर्व सहसंबंध ०.३६ असते, तर प्रत्येक विधानाचा भार ०.६० आणि a सुमारे १.३ आला असता. प्रत्यक्षात लघुतम वर्ग पद्धतीने एकच घटक काढला, तर झोपेच्या विधानांचे भार ०.८४ पर्यंत चढतात आणि उरलेल्यांचे ०.४८ च्या आसपास घसरतात. वरील सूत्राने पहिल्यांची भेदनक्षमता २.६ आणि दुसऱ्यांची ०.९ होते. संशोधकाला वाटते झोपेची विधाने उत्कृष्ट आहेत आणि बाकीची टाकाऊ. खरे तर घटकच झोपेकडे सरकलेला असतो. याच सहसंबंधांवरून काढलेला क्रोनबाखचा आल्फा ०.७७ वरून ०.८२ वर जातो, म्हणजे मापनी बिघडताना विश्वसनीयतेचा आकडा सुधारतो. मापनी लहान करायची म्हणून कमी भाराची विधाने काढली, तर हाती परीक्षेच्या चिंतेची नव्हे, निद्रानाशाची मापनी राहते. अशा मापन्या प्रबंधांत येतात आणि त्यांच्यावर पुढची गृहीतके तपासली जातात, हे खेदजनक आहे.

या दोषाचे नाव स्थानिक परावलंबन. तो ओळखण्यासाठी प्रारूपाने सांगितलेले आणि प्रत्यक्षातले सहसंबंध यांतला फरक, म्हणजे अवशिष्टे, पाहतात. प्रतिसाद-प्रारूपात येन यांचे १९८४ चे Q3 तेच काम करते. पाठ्यपुस्तकी सल्ला असा, की मोठे धन अवशिष्ट असलेली जोडी दोषी. आपल्या उदाहरणात मात्र झोपेच्या जोड्यांचे अवशिष्ट ०.०४ एवढेच उरते, कारण घटकाने त्यांचा सहसंबंध गिळलेला असतो. मोठे अवशिष्ट, सुमारे ०.१३, निर्दोष तिघांमध्ये दिसते. म्हणून आकड्याइतकेच विधानांचे शब्द वाचणे आवश्यक ठरते. एकेक झोपेचे विधान आळीपाळीने ठेवून बाकी दोन काढावीत आणि विश्लेषण पुन्हा चालवावे, भार ०.६० च्या आसपास सारखे झाले, तर निदान पक्के. उरलेल्या चार विधानांचा आल्फा ०.६९ येतो. त्यावर उपाय म्हणजे चिंतेच्या दुर्लक्षित अंगांवर नवी विधाने लिहिणे. काढलेली परत घेणे नव्हे.

किती घटक घ्यावेत, यासाठी ‘आयगेनमूल्य, म्हणजे घटकाने सामावलेले विचरण, १ पेक्षा जास्त’ हा कायझर यांचा १९६० चा नियम अजूनही बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आपोआप लागतो. परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या विधानांच्या नमुन्यातही कित्येक आयगेनमूल्ये १ च्या वर येतात, म्हणून आयगेनमूल्यांची तुलना तशाच यादृच्छिक आकड्यांतून येणाऱ्या आयगेनमूल्यांशी करणारे हॉर्न यांचे १९६५ चे समांतर विश्लेषण वापरणे योग्य. घटकांची रचना शोधणारे शोधक विश्लेषण एका नमुन्यावर आणि आधी ठरवलेली रचना तपासणारे पुष्टिकारक दुसऱ्यावर करावे.

नकारार्थी विधानांचा वेगळा घटक निघणे हा जुना वाद आहे. मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या स्व-आदर मापनीत पाच विधाने होकारार्थी आणि पाच नकारार्थी आहेत, आणि विश्लेषणात वारंवार दोन घटक दिसतात. काहींना हे स्व-आदराचे दोन पैलू वाटतात. बहुतेक अभ्यासक तो शब्दरचनेचा परिणाम मानतात. मराठीत ‘मला परीक्षेची भीती वाटत नाही’ या विधानाला ‘असहमत’ म्हणताना दोन नकार एकत्र येतात आणि घाईत उत्तर उलटे पडते, हे पाहता दुसरे मत ग्राह्य वाटते.

वैधतेचा पुढचा टप्पा म्हणजे समान गुणपातळीच्या दोन गटांत विधान सारखेच वागते का हे पाहणे. रॅडलॉफ यांच्या १९७७ च्या २० विधानांच्या नैराश्य मापनीत रडू येण्याचे विधान याचे प्रसिद्ध उदाहरण आहे: नैराश्याची पातळी सारखी असूनही स्त्रिया त्याला अधिक होकार देतात. मराठी भाषांतरात क्रियापदाचे लिंगही आड येते. ‘मी घाबरतो/घाबरते’ असे लिहिण्यापेक्षा ‘मला भीती वाटते’ ही रचना दोघांनाही एकच वाक्य देते.