लीप दिवस वेगळा, अधिक मास वेगळा

‘अधिक मास म्हणजे आपलं लीप वर्षच’ हे वाक्य ऐकून कान किटले. दोघांचं दुखणं वेगळं, औषधही वेगळं.

लीप वर्ष सगळ्यांना ठाऊक आहे. ऋतूंचं चक्र ३६५.२४२२ दिवसांचं, म्हणून वरचा साधारण पाव दिवस साठवून चौथ्या वर्षी २९ फेब्रुवारी येते. तो पाव दिवस पुरता पाव नाही, म्हणून १९०० साली लीप दिवस गाळला. या हिशेबात चंद्र कुठेच नाही.

अधिक मासाचं कारणच चंद्र. बारा चांद्रमास ३५४ दिवसांत आटोपतात, म्हणजे वर्षाला जवळपास ११ दिवसांची तूट. नागपूरकरांना ती दीक्षाभूमीवर दिसते. १९५६ साली बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हा विजयादशमी १४ ऑक्टोबरला होती. तारखेने धरलं तर तो दिवस दरवर्षी १४ ऑक्टोबरलाच येतो. दसरा मात्र २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. असाच मागे जात राहिला, तर तो भर पावसात जाईल. हिजरी वर्षात महिना वाढवत नाहीत, म्हणून मोहरम सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपल्याकडे २०२६ चा दसरा थेट २० ऑक्टोबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ.

तो ज्येष्ठातच का, इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. ‘दर तीन वर्षांनी एक महिना’ असा नियमच नाही. तीन वर्षांत तूट साडेबत्तीस दिवसांच्या वर जाते आणि चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे तसं केलं तरी तीन दिवस उरतातच. खरा नियम असा: एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्याने रास बदलली नाही, तर तो महिना अधिक. २०२६ मध्ये सूर्य १५ मे रोजी वृषभेत गेला. १६ मेच्या मध्यरात्रीनंतर अमावास्या संपून नवा महिना लागला आणि १५ जूनच्या सकाळी पुढची अमावास्या संपली. मिथुन संक्रांत त्याच दिवशी, पण दुपारी. चारेक तासांनी हुकली, आणि महिना अधिक ठरला. पंचांगकर्ते महिना मनाने वाढवत नाहीत, सूर्य-चंद्राच्या गतीचं गणित करून ठरवतात. म्हणूनच कधी सुमारे २८, कधी ३४ महिन्यांचं अंतर पडतं.

एक मर्यादा मात्र मान्य करायलाच हवी. आपली रास ताऱ्यांवरून मोजलेली, ऋतूंवरून नाही. त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस, या गतीने आपले महिनेही ऋतूंपासून सरकतात. २९ फेब्रुवारीने सांभाळलेलं वर्ष इथे सरस आहे. मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला येते, पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरलाच. तरीही संक्रांतीला उत्तरायण सुरू झाल्याचे संदेश दरवर्षी फिरतात. ते तेवढे थांबवा.